व्रण ताजा असतानाच या

(वारंवार तोंड येणाऱ्या आणि गुप्तांगावर व्रण उठणाऱ्या रुग्णांसाठी आमच्या दवाखान्याचे माहितीपत्रक)

तोंड येणं कुणाला नवं नाही. पण वर्षातून तीनदा किंवा त्याहून जास्त वेळा तोंड येत असेल आणि अधूनमधून गुप्तांगावरही दुखरा व्रण उठत असेल, तर डॉक्टरांना बेहचेट या आजाराची शंका येते आणि तुम्हाला आमच्याकडे पाठवलं जातं. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच रक्तवाहिन्यांना सूज आणते. हा संसर्ग नाही. जोडीदाराकडून येत नाही आणि जोडीदाराला होतही नाही.

पहिल्या भेटीत जाडजूड फाइल पुढे सरकवून बहुतेक जण विचारतात, ‘निदान पक्कं करणारी रक्ततपासणी कोणती?’ अशी तपासणी नाही. एचएलए-बी५१ ही तपासणी अनेक जण आधीच करून येतात. ती पॉझिटिव्ह आली तरी आजार ठरत नाही, कारण कितीतरी ठणठणीत माणसांमध्येही ती पॉझिटिव्ह येते; निगेटिव्ह आली तरी आजार नाही असं म्हणता येत नाही. म्हणून आम्ही ती सहसा लिहून देत नाही. रक्त तपासतो ते दुसऱ्या कारणांसाठी: लोह, बी-१२ किंवा फॉलिक अ‍ॅसिडची कमतरता, सिफिलिस आणि एचआयव्ही बाजूला काढायला.

बेहचेटचं निदान व्रण पाहून आणि हकिकत ऐकून होतं. खरा घोळ इथेच होतो. व्रण उठला की घरात उरलेली स्टिरॉइडची गोळी घेतली जाते, चार दिवसांत बरं वाटतं, आणि आमच्यापर्यंत येईस्तोवर पाहण्यासारखं काही उरत नाही. हर्पिस आहे का हे बघायला स्वॅब ताज्या व्रणातूनच घ्यावा लागतो. सुकलेल्या जागेवरून घेतलेल्या स्वॅबचा निगेटिव्ह रिपोर्ट काहीच सांगत नाही. मग पुढच्या व्रणाची वाट बघत बसायचं, तुम्हीही आणि आम्हीही. म्हणून व्रण दिसला की स्वतःहून स्टिरॉइड सुरू करू नका. मोबाइलवर स्पष्ट फोटो काढा आणि फोन करा. ताज्या व्रणासाठी आम्ही रोज थोडा वेळ राखून ठेवतो, त्याला आधी नंबर लावावा लागत नाही. (दम्यासाठी किंवा दुसऱ्या आजारासाठी स्टिरॉइड आधीपासून चालू असेल, तर ते मात्र अचानक थांबवू नका.)

एक उदाहरण घेऊ. तिशीतल्या एका बाईंना वर्षात चारदा तोंड आलं. त्यासाठी त्या दंतवैद्याकडे गेल्या. योनीच्या ओठावरच्या व्रणासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे, तिथे हर्पिसच्या गोळ्या मिळाल्या. दोन्हींचा संबंध असेल हे त्यांच्या मनातही नव्हतं, आणि लाजेपोटी एकीकडचं दुसरीकडे सांगितलंही नाही. तपासताना जुन्या व्रणाच्या जागी वण दिसला. तोंडातले व्रण सहसा वण न ठेवता भरतात, गुप्तांगावरचे मात्र बरेचदा ठेवतात. म्हणूनच आम्ही ती जागा पाहण्याचा आग्रह धरतो, नुसत्या सांगण्यावर भागत नाही. नडगीवर दुखऱ्या लाल गाठी होत्या. बाई त्यांना डास चावल्याच्या म्हणत होत्या. नव्या व्रणाच्या वेळी त्या दुसऱ्याच दिवशी आल्या. व्रण एकच, खोल, कडा कोरल्यासारखी. हर्पिसमध्ये आधी बारीक फोडांचा पुंजका असतो. स्वॅबही निगेटिव्ह आला. २०१४च्या आंतरराष्ट्रीय निकषांत तोंडाच्या व्रणांना २ गुण, गुप्तांगावरच्यांना २ आणि त्वचेच्या खुणांना १ असतो. चार किंवा जास्त गुण बेहचेटकडे बोट दाखवतात. यांचे पाच झाले, आणि इतर कारणं आधीच बाजूला पडली होती.

बेहचेटच्या शंकेला आधार मिळतो का हे बघायला काहींच्या हाताला आम्ही निर्जंतुक सुई टोचतो आणि दोन दिवसांनी पुन्हा बोलावतो. ‘एवढ्यासाठी परत हेलपाटा?’ अशी कुरकुर होते. पण टोचल्या जागी पुटकुळी उठते का, हे साधारण ४८ तासांनीच कळतं. त्या दुसऱ्या भेटीची वेगळी फी आम्ही घेत नाही. पुटकुळी उठली नाही म्हणून आजार नाही, असंही ठरत नाही.

उपचार सगळ्यांना सारखे नसतात. फक्त व्रणांचा त्रास असेल तर आधी लावायचं स्टिरॉइड मलम आणि कोल्चिसिनच्या गोळ्यांवर बरेचदा भागतं. गाडी जड औषधांकडे वळते ती डोळे, मेंदू किंवा मोठ्या रक्तवाहिन्या धरल्या की. म्हणून व्रण नसतानाही आम्ही डोळ्यांच्या तपासणीची चिठ्ठी देतो, आणि ती अनेकांच्या पाकिटातच राहते. डोळा लाल होऊन दुखू लागला, धुरकट दिसू लागलं किंवा नजरेसमोर काळे ठिपके तरंगू लागले, तर आमच्या वेळेची वाट न बघता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि ‘बेहचेटची शंका आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. आम्हाला नंतर कळवलंत तरी चालेल.