मीटिंग लावताना सहकाऱ्याची वेळ का दिसत नाही: फ्री/बिझीची पार्श्वभूमी

आउटलुकमध्ये मीटिंग लावायला घ्यावी, न्यू जर्सीतल्या सहकाऱ्याचं नाव टाकावं आणि त्याच्या ओळीत निळ्या पट्ट्यांऐवजी नुसत्या तिरप्या रेघा याव्यात. पुण्यातल्या ऑफिसात अशा वेळी पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "टाइम झोनचा घोळ असणार." बहुतेक वेळा हे निदान चुकतं. तिरप्या रेघांचा अर्थ सहकारी बिझी आहे किंवा मोकळा आहे असा नाही. त्याच्याबद्दलची माहिती आपल्यापर्यंत पोचलीच नाही, एवढाच त्याचा अर्थ. टाइम झोनचा घोळ झाला तर माहिती दिसते, पण चुकीच्या तासावर. ही दोन दुखणी वेगळी का, हे समजायला आउटलुकच्या मागे मेल आणि कॅलेंडर सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज या सर्व्हरच्या जुन्या रचनेकडे जावं लागतं.

एक्स्चेंज ५.५ पासून २००३ पर्यंत मीटिंग लावणाऱ्याचं आउटलुक सहकाऱ्याचं कॅलेंडर उघडून बघतच नसे. प्रत्येकाचं आउटलुक आपल्या कॅलेंडरचा फ्री/बिझी, म्हणजे केव्हा मोकळा आणि केव्हा कामात, एवढाच सारांश काढून सर्व्हरवरच्या `SCHEDULE+ FREE BUSY` नावाच्या, लोकांना न दिसणाऱ्या पब्लिक फोल्डरमध्ये ठेवत असे. बाकीचे बघत तो हा सारांश. तो दर १५ मिनिटांनी ताजा होई आणि त्यात २ महिन्यांचं कॅलेंडर असे. दोन्ही आकडे सेटिंगमध्ये बदलता येत, पण फार थोडे लोक तिथपर्यंत जात. त्यामुळे तीन महिन्यांनंतरची मीटिंग लावताना सगळ्यांच्याच ओळीत तिरप्या रेघा येत, मग सहकारी शेजारच्या टेबलावर बसलेला का असेना. शिवाय सारांश लिहिण्याचं काम आउटलुकचं असल्यामुळे ते बंद ठेवून कोणी आठवडाभर रजेवर गेला, तर मधल्या काळात आलेली निमंत्रणं त्या सारांशात सहसा उतरत नसत.

या सारांशात वेळ लिहिण्याची पद्धत मला आजही फार आवडते. कोणाचीही स्थानिक वेळ त्यात नसे, सगळं जीएमटीत. आधी महिन्याचा एक आकडा, वर्ष गुणिले १६ अधिक महिना. मार्च २००७ साठी तो ३२११५ येतो. मग त्या महिन्याच्या पहिल्या क्षणापासून किती मिनिटांनी काम सुरू होतं आणि किती मिनिटांनी संपतं, असे दोन आकडे. १४ मार्चला जीएमटी १४:०० ते १५:०० बिझी असेल तर १९५६० आणि १९६२०. वाचणारं आउटलुक त्यात आपापल्या घड्याळाचा फरक मिळवून पट्टी काढे. भारताचा फरक साडेपाच तासांचा, म्हणजे ३३० मिनिटांचा. गणित मिनिटांतच असल्यामुळे या अर्ध्या तासाने काहीच अडत नसे. टाइम झोन वेगळा आहे एवढ्याच कारणाने इथे रेघा येणं शक्य नव्हतं.

मग समुद्रापलीकडच्याच लोकांच्या ओळीत रेघा का येत? कारण अंतर. वर सांगितलेलं फोल्डर सगळ्या कंपनीचं मिळून एक नसे. प्रत्येक साइटचं, म्हणजे एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या सर्व्हरच्या गटाचं, पुढे प्रत्येक अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह ग्रुपचं, त्याच्या आत वेगळं उपफोल्डर असे आणि साइटची आखणी बऱ्याचदा शहरं आणि देश बघूनच केलेली असे. अमेरिकेच्या उपफोल्डरची प्रत, म्हणजे रेप्लिका, पुण्याच्या सर्व्हरवर ठेवलेली असली तर उत्तर जागच्या जागी मिळे. नसली तर विनंती थेट अमेरिकेतल्या सर्व्हरकडे जाई. तो रस्ता बंद असला, किंवा जुना सर्व्हर मोडीत काढताना त्या उपफोल्डरची शेवटची प्रतही त्याच्याबरोबर गेली असली, की हाती रेघा. वेगळी साइट आणि वेगळा टाइम झोन हे एकाच वेळी समोर येत, त्यामुळे आळ टाइम झोनवर येई. ओळखायची खूण सोपी होती. त्या ऑफिसातल्या सगळ्यांच्या ओळींत रेघा असतील तर दोष फोल्डरचा. एकाच माणसाच्या ओळीत असतील तर त्याचा सारांश बिघडलेला, आणि त्यासाठी त्याच्या मशिनवर आउटलुक एकदा असं सुरू करायचं:

```
outlook.exe /cleanfreebusy
```

खरा टाइम झोनचा घोळ मार्च २००७ मध्ये झाला. अमेरिकेने २००५ च्या ऊर्जा कायद्याने डेलाइट सेव्हिंगचा, म्हणजे घड्याळं एक तास पुढे ठेवण्याचा, काळ वाढवला आणि २००७ पासून घड्याळं एप्रिलच्या पहिल्या रविवारऐवजी मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे करायची ठरवलं. त्या वर्षी तो रविवार ११ मार्चला आला. जुन्या नियमाने तारीख होती १ एप्रिल. मधले तीन आठवडे धोक्याचे होते.

समजा, न्यू यॉर्कमधल्या कोणी जानेवारीतच १४ मार्चची सकाळी ९ ची अपॉइंटमेंट नोंदवून ठेवली. तेव्हा कॉम्प्युटरला जुना नियम माहीत होता, म्हणून त्याने जीएमटी १४:०० अशी नोंद केली. पुढे विंडोजला नवा नियम मिळाला. नोंद १४:०० च राहिली, पण नव्या नियमाने ती सकाळी १० ला दिसू लागली. माणूस मात्र ठरल्याप्रमाणे ९ लाच, म्हणजे जीएमटी १३:०० ला, कामात असणार. पुण्यातून बघणाऱ्याला काय दिसे? संध्याकाळी ७:३० ते ८:३० बिझी, आणि ६:३० ते ७:३० अगदी मोकळा. प्रत्यक्षात उलट. निमंत्रण नेमकं त्या मोकळ्या दिसणाऱ्या तासात जाई आणि स्क्रीनवर चूक असल्याची एकही खूण नसे. रेघा दिसल्या तर माणूस निदान फोन करून विचारतो. पांढऱ्या मोकळ्या जागेवर तो विश्वास ठेवतो, म्हणून मला हा दोष जास्त वाईट वाटतो.

नियम बदलण्याआधी केलेल्या नोंदी सरकवण्यासाठी मायक्रोसॉफ्टने आउटलुक आणि एक्स्चेंजसाठी वेगळी टूल्स दिली होती. पण नोंद जुन्या नियमाने झाली की नव्या, हे एकेरी नोंदीवरून दर वेळी ठरवता येत नसे. अपडेट मिळाल्यानंतर केलेली बरोबर नोंद टूलने सरकवली तर तीच चुकायची. म्हणून त्या तीन आठवड्यांत मीटिंगच्या विषयातच स्थानिक वेळ लिहा, असा सल्ला दिला जाई. तोच उपाय सर्वांत खात्रीचा होता.

त्याच सुमाराला आलेल्या एक्स्चेंज २००७ ने सारांशाची पद्धतच सोडली. अव्हेलेबिलिटी सर्व्हिस थेट मेलबॉक्समधलं कॅलेंडर वाचू लागली. शिळा सारांश आणि २ महिन्यांची मर्यादा गेली. पण आउटलुक २००३ पब्लिक फोल्डरकडेच बघत राहिलं, आणि आउटलुक २००७ ला ही सर्व्हिस शोधायला तिचा पत्ता सांगणारं ऑटोडिस्कव्हर लागू लागलं. ते नीट बसवलेलं नसलं की रेघा परत. एक्स्चेंज २०१० पासून दोन कंपन्यांना एकमेकींचं फ्री/बिझी दाखवणं सोपं झालं, तेही दोन्हीकडे ऑर्गनायझेशन रिलेशनशिप नावाचा दुवा जुळवला तरच. आज मेलबॉक्स अर्धे क्लाउडवर आणि अर्धे स्वतःच्या सर्व्हरवर असतात, तिथे बऱ्याचदा हाच दुवा निखळलेला सापडतो.

त्यामुळे तक्रार आली की मी आधी एकच गोष्ट विचारतो: रेघा दिसतात की पट्टी सरकलेली दिसते? रेघा असतील तर टाइम झोनची सेटिंग्ज उघडायचीही गरज नाही, सरळ ऑटोडिस्कव्हर आणि दोन बाजूंमधला दुवा तपासायचा. पट्टी बरोबर एक तास सरकलेली असेल, तर त्या सहकाऱ्याच्या मशिनवरचा टाइम झोन आणि विंडोजचे अपडेट्स बघायचे, आणि ती नोंद कधी केली होती हे त्याला विचारायचं.