महिन्याची शेवटची तारीख क्रॉनला कशी सांगावी

रावेरच्या एका व्यापाऱ्याकडील केळी खरेदीच्या नोंदी दर महिन्याच्या शेवटच्या रात्री साडेअकरा वाजता जळगावच्या कार्यालयातील सर्व्हरशी आपोआप जुळवायच्या आहेत, असे समजू. लिनक्सवर अशी कामे ठरल्या वेळी चालवणाऱ्या क्रॉनला मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार असे पाच रकाने कळतात, पण ‘शेवटची तारीख’ लिहिण्याची सोय नेहमीच्या क्रॉनमध्ये नाही. तारखेच्या रकान्यात ३१ लिहिले, तर फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबर हे पाच महिने काम होतच नाही; आणि क्रॉनच्या दृष्टीने काही चुकलेलेच नसल्यामुळे कोणतीही सूचना मिळत नाही. ही शांतता मला सर्वांत धोक्याची वाटते.

वाट निघते ती प्रश्न उलटा विचारल्याने: ज्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी १ तारीख असते, तोच महिन्याचा शेवटचा दिवस. म्हणून क्रॉनला २८ ते ३१ या सर्व तारखांना जागे करावे आणि उद्याची तारीख तपासूनच पुढे जाऊ द्यावे.

```
30 23 28-31 * * [ "$(date -d tomorrow +\%d)" = 01 ] && /opt/sync/run.sh
```

२८ फेब्रुवारी २०२८ रोजी ही ओळ चालेल, तेव्हा ते लीप वर्ष असल्यामुळे उद्याची तारीख २९ येईल आणि काम तिथेच थांबेल. २९ तारखेच्या रात्री मात्र उत्तर 01 येईल आणि नोंदी रवाना होतील. २०२७ मध्ये हेच २८ तारखेला घडेल. त्या दिवसाची वाट न पाहता खात्री करता येते:

```
date -d '2028-02-28 +1 day' +%d
```

इथे 29 दिसायला हवे. टर्मिनलवरच्या या आज्ञेत टक्क्याच्या चिन्हाआधी तिरकी रेघ नाही, क्रॉनच्या ओळीत मात्र ती आहे, आणि बहुतेकांचे घोडे इथेच अडते. क्रॉन मोकळे टक्क्याचे चिन्ह ओळीचा शेवट मानतो. त्यामुळे आज्ञा अर्धवट तुटते आणि टर्मिनलवर नीट चाललेले काम रात्री मात्र होत नाही. लॉगमध्ये आज्ञा `date -d tomorrow +` इथेच संपलेली दिसली, तर कारण हेच समजावे. शिवाय `-d` हा पर्याय लिनक्सवरील `date`चा आहे. मॅकवर त्याऐवजी `date -v+1d` लिहावे लागते.

दुसरी अडचण घड्याळाची आहे. भाड्याने घेतलेले सर्व्हर अनेकदा यूटीसी वेळेवर असतात, आणि भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. अशा सर्व्हरवर 23:30 लिहिले, तर काम आपल्याकडे पहाटे पाचला, म्हणजे नव्या महिन्याच्या पहिल्या तारखेला सुरू होईल. तिथे ओळीच्या आरंभी `0 18` लिहावे; यूटीसीच्या त्या वेळी आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात आणि दोन्हीकडे तारीखही एकच असते, त्यामुळे उद्याची तपासणी आहे तशीच चालते.