काचेची बाटली लुकलुकते त्यामागची पार्श्वभूमी

बग रिपोर्टमध्ये एवढंच होतं की थ्रीडी दृश्यात कॅमेरा फिरवला की निळ्या बाटलीतलं लाल औषध लुकलुकतं, कॅमेरा थांबवला की लुकलुकणं थांबतं. आम्हाला आधी वाटलं झेड-फायटिंग असेल, म्हणजे एकाच अंतरावरचे दोन पृष्ठभाग एकमेकांशी भांडत असतील, पण त्यात पृष्ठभागावर तुटक पट्टे दिसतात, इथे तर अख्ख्या बाटलीचा रंग एका फ्रेममध्ये पलटत होता. म्हणजे ड्रॉ करायचा क्रम बदलतोय.

हे दुखणं जुनं आहे. १९७२ साली नेवेल बंधू आणि सांचा यांनी लांबच्या गोष्टी आधी आणि जवळच्या नंतर रंगवायची पद्धत मांडली, मग १९७४ मध्ये एडविन कॅटमलच्या प्रबंधात झेड-बफर आला आणि क्रमाची कटकट मिटली, पण फक्त अपारदर्शक वस्तूंसाठी, कारण झेड-बफर एका पिक्सेलला सगळ्यात जवळचं एकच अंतर लक्षात ठेवतो. काचेला मागचा रंगही लागतो ना. १९८४ मध्ये पोर्टर आणि डफ यांनी रंग एकावर एक चढवायचं गणित नीट लिहून दिलं, आणि त्यात क्रम बदलला की उत्तर बदलतं.

आमच्याच बाटलीचं बघा. मागे पांढरं, लाल आणि निळा दोन्ही ५० टक्के पारदर्शक. आधी लाल मग निळा चढवला तर रंग येतो (१२८, ६४, १९१), उलट केलं तर (१९१, ६४, १२८), एकदा जांभळट निळा आणि एकदा गुलाबी, डोळ्याला लगेच खटकतं.

आता क्रम का पलटतो? युनिटी हे गेम इंजिन पारदर्शक वस्तू कॅमेऱ्यापासूनच्या अंतराने लावतं, आणि ते अंतर वस्तूच्या बाउंड्सच्या मध्यापासून मोजतं, पिक्सेलपासून नाही. बाटली आणि आतलं औषध दोघांचा मध्य जवळपास एकाच जागी, त्यामुळे कॅमेरा जरा हलला की कधी हे जवळ कधी ते. पिक्सेलवार सॉर्टिंग १९९८ च्या ड्रीमकास्टमधली पॉवरव्हीआर चिप स्वतः करायची, पण मोबाइलवर आपल्याला ते असं आयतं मिळत नाही आणि शेडरमधून करायला मेमरी बँडविड्थ फार जाते.

म्हणून आम्ही आधी क्रम हाताने बांधला:

```csharp
liquid.renderQueue = 3000;
glass.renderQueue = 3001;
```

लुकलुकणं गेलं, पण दोन बाटल्या एकामागे एक ठेवल्या तर मागच्या बाटलीची काच पुढच्या बाटलीतल्या औषधावर चढते, कारण आता सगळी औषधं आधी आणि सगळ्या काचा नंतर. हा दोष स्थिर असल्याने पटकन लक्षात येत नाही, तरी चूक ती चूकच. शेवटी दोन्ही एकाच मेशमध्ये, एकाच मटेरियलवर आणले आणि औषधाचे त्रिकोण इंडेक्समध्ये काचेच्या आधी टाकले, जीपीयू तो क्रम पाळतो, आणि अख्ख्या बाटलीचं अंतर आता एकदाच मोजलं जातं.