लाल केमो आणि लाल लघवी

"लाल केमोनंतर लघवी लाल आली म्हणजे मूत्राशय जळालं ना?"

नाही हो. लाल केमो म्हणजे डॉक्सोरुबिसिन, त्याचा स्वतःचाच रंग लाल, तो एक-दोन दिवस लघवीत उतरतो आणि जातो. याचा खरा धोका हार्टला, आणि तो साठत जातो, म्हणून आयुष्यभराच्या एकूण डोसचा हिशोब ठेवतात (साधारण ४५०-५५० मिग्रॅ प्रति चौरस मीटर) आणि इको करतात.

मूत्राशय जाळतं ते सायक्लोफॉस्फामाइड हे दुसरं केमो औषध, जे ब्रेस्ट कॅन्सरमध्ये बरेचदा याच्याच सोबत देतात, म्हणून तर घोळ होतो! त्यातून बनणारं अ‍ॅक्रोलिन लघवीत उतरून आतलं अस्तर सोलतं. जास्त डोसला मेस्ना नावाचं औषध देतात, ते अ‍ॅक्रोलिनला तिथेच पकडतं, शिवाय भरपूर पाणी. जळजळ, लघवीत रक्ताच्या गाठी किंवा दोन दिवसांनंतरही लाल असेल तर लगेच डॉक्टरांना कळवा.