घातांची गणितं: बाकी शून्य आली की थांबा जरा

आपल्या क्लासच्या नवीन बॅचसाठी (बँकिंग, सरळसेवा, एमपीएससी सगळे)

टेस्ट पेपर तपासताना एकच चूक परत परत दिसते, म्हणून हा कागद. ८ चा ८४ वा घात काढला तर एकक स्थानी कुठला अंक येईल? पद्धत सगळ्यांना पाठ असते, ८ चे घात लिहीत गेलं की शेवटचे अंक ८, ४, २, ६ असे फिरतात आणि पाचव्या घाताला परत ८ येतो, म्हणजे चारची सायकल, मग ८४ ला ४ ने भागायचं. बाकी शून्य. इथेच अर्धे जण "शून्यावा घात म्हणजे १" असं धरून पुढे जातात आणि पर्यायात १ दिलेला असतोच, पेपर काढणारे काय झोपलेले नसतात! बाकी शून्य म्हणजे सायकल पूर्ण झाली, म्हणून चौथा अंक घ्यायचा, उत्तर ६.

गंमत म्हणजे ३, ७ किंवा ९ असेल तर ही चूक पकडलीच जात नाही, कारण त्यांच्या चौथ्या घाताचा शेवट १ नेच होतो. म्हणून सराव करताना २ आणि ८ ची गणितं मुद्दाम जास्त करा. घात मोठा असेल, समजा २०२३, तर ४ ने भागायला शेवटचे दोन अंक पुरतात. २३ ला बाकी ३, झालं काम.

आता दुसरा घोळ. एकक अंक म्हणजे १० ने भागल्यावरची बाकी, त्यामुळे चारची सायकल १० साठी आहे, ती कुठल्याही भाजकाला चिकटवू नका. २ चा १०० वा घात भागिले ७ घ्या. एकक अंक ६ येतो म्हणून बाकी ६ लिहिणारे दर बॅचला भेटतात. ७ साठी सायकल वेगळी काढावी लागते: २, ४, आणि ८ ला ७ ने भागून १. तीनची झाली. १०० ला ३ ने भागून बाकी १, म्हणून उत्तर २.

भाजक १२ असेल तर २ चे घात कधीच १ वर येत नाहीत, कारण दोघांत २ कॉमन आहे. तेव्हा वरून खालून ४ काढून टाका, उरतो २ चा ९८ वा घात भागिले ३. २ ला ३ ने भागलं तर बाकी उणे १ धरता येते, घात सम आहे म्हणून १ उरला. पण हे उत्तर नाही हां, काढलेले ४ परत गुणायचे, बाकी ४. पटत नसेल तर १६ ला १२ ने भागून बघा, ६४ लाही बघा, दोन्हीकडे ४ च येतात.

अडलं तर बॅच सुटल्यावर थांबा, पण केलेलं रफ वर्क सोबत आणा, नुसतं "सर उत्तर येत नाही" म्हणून काही कळत नाही.