बहात्तरच्या नियमातले चार महिने

एप्रिल २०२३मध्ये किसान विकास पत्राचा व्याजदर ७.५ टक्के झाला आणि पैसे दुप्पट होण्याची मुदत ११५ महिने ठरली. शाळेतल्या सरळव्याजाच्या सवयीने १०० भागिले ७.५ केलं तर उत्तर येतं तेरा वर्षं चार महिने. मग पोस्ट साडेनऊ वर्षांतच दुप्पट कसं देतं? कारण इथे व्याजावरही व्याज चढतं. चक्रवाढीत १०० ऐवजी ७२ घ्यायचे. ७२ भागिले ७.५ म्हणजे ९.६ वर्षं, म्हणजेच ११५ महिने आणि वर थोडे दिवस. ना कॅल्क्युलेटर, ना कोष्टक.

हा नियम आइन्स्टाइनने शोधला, असं सांगणारे मेसेज फिरत असतात. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने तो १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या अंकगणिताच्या ग्रंथात दिला होता. आइन्स्टाइन जन्मला १८७९ साली! सात अधिक दोन नऊ, म्हणून हा आकडा शुभ, असंही कुणी म्हणेल. ७२ सोयीचा आहे, एवढं मात्र खरं. त्याला २, ३, ४, ६, ८, ९, १२ या सगळ्यांनी भाग जातो.

पण पाचोलीने नियम दिला, कारण दिलं नाही. माझ्या मते खरी गंमत त्या कारणातच आहे.

समजा, व्याज क्षणाक्षणाला जमा होतंय आणि लगेच मुद्दलात मिसळतंय. अशा वेळी आकडा ७२ नसतो, ६९.३ असतो (२ चा नैसर्गिक लॉगॅरिदम ०.६९३, तोच हा). ८ टक्क्यांना ६९.३ भागिले ८, म्हणजे ८.६६ वर्षं. वर्षाला एकदाच व्याज जमा होत असेल तर मात्र प्रत्यक्षात ९ वर्षं लागतात. मधले चार महिने जातात कुठे?

वर्षभरात जे व्याज तयार होतं, ते ३१ मार्चपर्यंत बसून राहतं. जूनमधलं व्याज नऊ महिने बसतं, फेब्रुवारीतलं महिनाभर. सरासरी काढली तर सहा महिने. म्हणजे दरवर्षी ८ टक्के व्याजावरचं सहा महिन्यांचं व्याज बुडतं: ८ च्या ८ टक्क्यांचं निम्मं, ०.३२ टक्के. ८.६६ वर्षांत ही तूट साचून साधारण २.७७ टक्के होते, आणि वर्षाला ८ टक्के या वेगाने ती भरून काढायला ०.३५ वर्ष लागतं. हेच ते चार महिने.

आता व्याजदर निम्मा, म्हणजे ४ टक्के करून बघा. दरवर्षीची तूट एक चतुर्थांश होते, पण वर्षं दुप्पट लागतात आणि तूट भरण्याचा वेग निम्मा होतो. एक चतुर्थांश गुणिले दोन गुणिले दोन म्हणजे एक! उशीर पुन्हा चारच महिन्यांचा. व्याजदर काहीही असो, ६९.३ ला त्याने भागायचं आणि चार महिने मिळवायचे. ८ टक्क्यांच्या आसपास हे चार महिने ६९.३ मध्ये जेमतेम पावणेतीनची भर घालतात आणि ७२ होतात. बहात्तरचा आकडा येतो तो इथून.

म्हणूनच तो ८ पासून लांब गेलं की चुकतो. २ टक्क्यांना नियम ३६ वर्षं सांगतो, खरी लागतात ३५. वर्षाला ३६ टक्क्यांना नियम म्हणतो दोन वर्षं, लागतात सव्वादोन. ‘पाच महिन्यांत दामदुप्पट’ अशा जाहिरातीलाही तो लावा: महिन्याला १४ टक्क्यांहून जास्त व्याज! इथे नियम कमीच सांगतो, खरा आकडा पंधराच्या जवळ आहे, पण संशय यायला तेवढं पुरे.

वर म्हटलेले चार महिने वर्षाला एकदा व्याज जमा होणाऱ्या योजनांचे. नेमकं सांगायचं तर उशीर व्याज जमा होण्याच्या कालावधीच्या साधारण एक तृतीयांश असतो. क्रेडिट कार्डाची थकबाकी महिन्याला ३ टक्क्यांनी वाढत असेल, तर ६९.३ भागिले ३ म्हणजे २३.१ महिने, आणि उशीर जेमतेम दहा दिवसांचा. साडेतेवीस महिन्यांत कर्ज दुप्पट; त्यावरचा दंड आणि जीएसटी वेगळा. कर्जात हा उशीर आपल्या फायद्याचा असतो, पण इथे तो दहाच दिवसांचा.

बँकांच्या मुदत ठेवींवर व्याज सहसा तिमाहीला जमा होतं. तिथे उशीर महिनाभराचा. ७ टक्क्यांना बहात्तरचा नियम १० वर्षं साडेतीन महिने सांगेल, पण ठेव दहा वर्षं पुरी होण्याच्या काही दिवस आधीच दुप्पट झालेली असते. अशा ठेवींना ७२ ऐवजी सरळ ७० ने भागावं.