मूळ परिचय आणि दीर्घ परिचय : दिसायला सारखे, कामाने वेगळे

कार्यक्रमपत्रिकेसाठी तीन ओळींचा, सूत्रसंचालकासाठी मिनिटभराचा आणि गौरवअंकासाठी पानभराचा असा एकाच व्यक्तीचा परिचय तीन मापांत लागतो, तेव्हा बहुतेक जण सर्वांत लांब मजकूर उघडतात आणि शेपटाकडून कापत येतात. या पद्धतीत मूळ परिचय आणि दीर्घ परिचय ही एकच वस्तू धरली जाते आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

मूळ परिचय हा कोणाला पाठवण्यासाठी नसतो. जन्म, शिक्षण, पदे, ग्रंथ, पुरस्कार हे सारे त्यात सालासह, एकेका ओळीत नोंदलेले असते. त्याला ना सुरुवात असते ना ओघ. दीर्घ परिचय मात्र वाचकासाठी लिहिलेला, साधारण तीनशे ते चारशे शब्दांचा सलग मजकूर असतो आणि मूळ नोंदींपैकी निम्म्याअधिक त्यात येतही नाहीत. लघु आणि मध्यम परिचय दीर्घावरून न उतरवता प्रत्येक वेळी मूळ नोंदींतून निवडून घ्यायचे असतात.

डॉ. जयंत नारळीकर यांचे उदाहरण घेऊ. त्यांच्या मूळ परिचयात १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात जन्म, बनारस हिंदू विद्यापीठात पदवी, केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांच्याकडे संशोधन, १९६५ मध्ये पद्मभूषण, १९७२ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आगमन, १९८८ मध्ये पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेची स्थापना, १९९६ मध्ये युनेस्कोचा कलिंग पुरस्कार, २००४ मध्ये पद्मविभूषण, आत्मचरित्राला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार, २०२१ मध्ये नाशिकच्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आणि २० मे २०२५ रोजी निधन अशा नोंदी येतील. यांवरून कालक्रमाने लिहिलेला दीर्घ परिचय पहिल्या तीस शब्दांवर तोडला, तर हाती कोल्हापूर, बनारस आणि केंब्रिज एवढेच उरते. म्हणजे माणूस अजून विद्यार्थीच असतो.

त्याऐवजी साहित्यविषयक कार्यक्रमाच्या पत्रिकेसाठी मूळ नोंदींतून असा लघु परिचय निघेल : ‘डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) : खगोलभौतिकशास्त्रज्ञ आणि मराठी विज्ञानकथाकार. पुण्याच्या आयुका संस्थेचे संस्थापक संचालक. आत्मचरित्राला साहित्य अकादमी पुरस्कार. नाशिक येथील ९४ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष.’ तोच परिचय खगोलशास्त्राच्या व्याख्यानमालेसाठी हवा असेल, तर संमेलन आणि अकादमी गळतील आणि हॉईल यांच्यासह मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत तिथे येईल. लांबी तेवढीच राहते, पण ओळख बदलते. कात्रीला हे जमत नाही, कारण समोर कोण बसले आहे हे तिला ठाऊक नसते.

मध्यम परिचयाबाबत वेगळी चूक होते : लघु परिचयाला आणखी चार पुरस्कार जोडले की तो झाला, असे समजले जाते. खरे तर शंभर-सव्वाशे शब्दांत प्रथमच दोन घटनांमधला संबंध सांगायला जागा मिळते. नारळीकर १९७२ मध्ये परदेशातून परतले आणि १९८८ मध्ये आयुका उभी राहिली, या घटना लघु परिचयात फार तर दोन सुट्या नोंदी होतील. मध्यम परिचयात मात्र विद्यापीठांतील अध्यापक आणि संशोधकांना खगोलशास्त्रातील संशोधनाच्या सामायिक सोयी मिळाव्यात, हा आयुकामागचा हेतू एका वाक्यात सांगता येतो. बहुतेकदा हाच परिचय व्यासपीठावरून मोठ्याने वाचला जातो, म्हणून त्यात कंस नकोत, संक्षेप नकोत आणि सालेही दोन-तीनच असावीत. लिहून झाल्यावर एकदा मोठ्याने वाचावा. जिथे दम लागेल तिथे वाक्य तोडावे. पुरस्कारांची यादी वाचून दाखवणाऱ्या सूत्रसंचालकाला श्रोते टाळ्या देतात, त्या बहुधा यादी संपल्याच्या असतात.

दीर्घ परिचयात बालपण, गुरू, वादविवाद यांना जागा असते, परंतु तिथेही जन्मापासून सुरुवात करण्याचे बंधन नाही. गौरवअंकात पहिला परिच्छेद आयुकाचा असू शकतो आणि कोल्हापूर तिसऱ्यात येऊ शकते.

हयात व्यक्तीच्या बाबतीत आणखी एक फरक महत्त्वाचा ठरतो. ‘सध्या’, ‘नुकताच’, ‘गेली वीस वर्षे’ हे शब्द मूळ परिचयात कधीच येऊ नयेत. तिथे ‘२००६ पासून’ असे लिहावे आणि वर्षांचा हिशेब परिचय पाठवताना करावा. बदल झाला की तो आधी मूळ परिचयात नोंदवावा आणि प्रत्येक उतरवलेल्या परिचयाच्या फाइलच्या नावात महिना व साल लिहावे. तसे नसेल, तर आयोजक तीन वर्षांपूर्वीचा मजकूर काढून छापतात आणि निवृत्त झालेले प्राध्यापक पत्रिकेत विभागप्रमुखच राहतात.